पडद्यातला पडदा : एका लघुपटाच्या कॅमेऱ्यामागच्या नोंदी

३ जानेवारी

संहिता वाचून झाली. बारा मिनिटांचा लघुपट, एकच घर, दोन काळ. पहिला भाग १९९६ मधला : सगळं घर जुन्या डब्बा टीव्हीसमोर बसून बातम्या बघतंय. दुसरा आजचा : त्याच घरातली नात रात्री लॅपटॉपवर एक ईमेल उघडते. दोन्ही ठिकाणी पडदा चौकटीच्या मधोमध आहे आणि त्यावरचा मजकूर प्रेक्षकाला वाचता आलाच पाहिजे.

दिग्दर्शिकेनं विचारलं, "पडदा कोराच ठेवून नंतर एडिटमध्ये चित्र चिकटवलं तर?" होतं तसं, पण आमच्या नातीला चष्मा आहे. चष्म्याच्या काचेत पडद्याचं प्रतिबिंब हलणार, गालावरचा उजेड बदलणार. ते सगळं खोटं घडवण्याएवढे पैसेही नाहीत आणि माणसंही नाहीत. तेव्हा पडदे खरे आणि चालू.

कॅमेरा माझाच, एपीएस-सी सेन्सरचा, ४के. शटर ठरावीक पायऱ्यांनीच बदलतं : १/४०, १/५०, १/६० वगैरे. फ्रेम रेट २५ ठरवला. हा आकडा हवेतून काढलेला नाही. आपल्याकडचा जुना टीव्ही सेकंदाला ५० अर्धचित्रं काढतो आणि घरातली वीजही ५० हर्ट्झची आहे. त्या दोघांशी २५ चं पटतं, २४ चं आणि ३० चं पटत नाही.

५ जानेवारी

सांगलीला मामांकडे गेले. त्यांच्या माळ्यावर २१ इंची टीव्ही आहे. धूळ झटकून लावला तर चालू झाला. मामांनी कौतुकानं मोबाइल काढून शूटिंग केलं आणि लगेच म्हणाले, "अगं, हा तर फडफडतोय. बिघडला की काय?"

टीव्ही बिघडलेला नव्हता. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेत होता आणि टीव्ही ५० वेळा चित्र काढत होता. डब्बा टीव्हीचं चित्र एकदम उजळत नाही. आत इलेक्ट्रॉनचा एक झोत असतो, तो काचेच्या मागच्या लेपावर वरून खाली ओळ न् ओळ गिरवत जातो. एका फेरीला १/५० सेकंद लागतो. झोत पुढे गेला की मागची ओळ विझायला लागते. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

मग कॅमेरा लावला, २५ फ्रेमवर, आणि शटर एकेक पायरी फिरवत गेले. १/६० ला टीव्हीवर आडवा काळा पट्टा येऊन ठाण मांडून बसला. १/४० ला तिथेच उजळ पट्टा. १/५० ला दोन्ही गायब.

मामांना समजावताना मला जे सुचलं ते इथे लिहून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या दिवसांत तेच कामी येणार आहे. शटर म्हणजे मापाची वाटी. टीव्हीचा झोत १/५० सेकंदात एक फेरी घालतो. वाटी तेवढीच असेल तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला झोत बरोबर एकदा येतो, मग मोजायला सुरुवात कुठूनही करा. वाटी लहान पडली (१/६०) तर काही ओळींपर्यंत झोत पोचायच्या आत शटर मिटतं आणि तिथे काळा पट्टा येतो. वाटी मोठी झाली (१/४०) तर काही ओळींवर झोत दोनदा फिरतो आणि उजळ पट्टा येतो. म्हणजे पट्ट्याच्या रंगावरूनच चूक कुठल्या बाजूला आहे ते समजतं.

एक गंमत मात्र मला आधी माहीत नव्हती. कॅमेरा टीव्हीच्या जवळ नेला की १/६० चा काळा पट्टा जाड होत जातो, आणि टीव्हीनं अर्ध्याहून जास्त चौकट व्यापली की अर्ध्याअधिक चित्र गिळतो. कारण माझा सेन्सरही फ्रेम एकदम वाचत नाही. तोही वरून खाली ओळीओळीनंच वाचतो, आणि मोठ्या चित्रात त्याचा वेग टीव्हीच्या झोताच्या वेगाच्या आसपास येतो. दोघं शेजारी शेजारी धावतात, त्यामुळे चुकलेली जागा पसरत जाते. तेव्हा लांबून चाचणी घेऊन "बारीक पट्टा आहे, चालेल" असं म्हणायचं नाही. ज्या अंतरावरून शॉट घ्यायचा तिथूनच बघायचं.

८ जानेवारी

परत टीव्ही. १/५० वर सगळं ठीक आहे असं वाटत होतं, पण घरी मोठ्या पडद्यावर फुटेज बघितलं तेव्हा टीव्हीच्या चित्रात केसाएवढी एक आडवी रेघ दिसली. वृत्तनिवेदिकेनं मान हलवली की रेघेच्या वर आणि खाली तिचा चेहरा किंचित सरकलेला.

कारण असं की टीव्हीच्या प्रत्येक फेरीत सगळ्या ओळी निघत नाहीत. एकूण ६२५ ओळींपैकी एका फेरीत विषम, पुढच्या फेरीत सम, म्हणजे पूर्ण चित्राला दोन फेऱ्या. १/५० ची माझी फ्रेम जिथे एका फेरीतून दुसरीत जाते तिथे सांधा दिसतो. शिवाय कॅमेऱ्याचा १/५० आणि टीव्हीला चित्र पुरवणाऱ्या प्लेअरचा १/५० काही एकाच घड्याळावर चालत नाहीत. म्हणून सांधा मुंगीच्या चालीनं सरकतही असतो.

मग १/२५ लावून बघितलं. २५ फ्रेमवर याहून लांब शटर ठेवताच येत नाही, फ्रेमचा सगळा वेळ शटर उघडंच. आता प्रत्येक फ्रेममध्ये दोन फेऱ्या येतात, सम-विषम ओळी एकत्र बसतात आणि सांधा जवळपास पुसला जातो. वर उजेडही दुप्पट मिळतो. तोटा एवढाच की हलणाऱ्या माणसाच्या हातामागे धुराची शेपटी येते.

ठरलं : टीव्हीचा क्लोजअप आणि टीव्हीसमोर बसलेल्यांच्या पाठी, हे १/२५ वर. टीव्हीसमोरून धाकटा पळत जातो तो शॉट १/५० वर. तो पळत असताना टीव्हीतल्या केसाएवढ्या रेघेकडे कोण बघतंय.

रंगाचं एक : या टीव्हीचा पांढरा खूप निळा आहे. खोलीत पिवळा बल्ब लावला की टीव्ही मासळीबाजारातल्या ट्यूबसारखा दिसतो. टीव्हीच्या बटणांशी झटापट करण्यापेक्षा दाखवायची बातम्यांची क्लिप (ती आम्हीच शूट केली आहे) आधीच पिवळसर करून घेतली. सोपं काम, दहा मिनिटांचं.

१२ जानेवारी

आता लॅपटॉप. मला वाटलं होतं हे डाव्या हाताचं काम. एलसीडीत झोत फिरत नाही, चित्र पुढचं येईपर्यंत जागेवरच असतं, मग फडफडेल कशाला?

फडफडला. रात्रीचा प्रसंग म्हणून ब्राइटनेस तीसवर आणला, शटर १/५०, आणि पांढऱ्या पानावर करड्या आडव्या पट्ट्या नाचायला लागल्या. ब्राइटनेस शंभर केला की पट्ट्या गुल. तीस केला की हजर.

यात चित्राचा दोष नाही, चित्रामागच्या दिव्याचा आहे. कितीतरी पडदे उजेड कमी करताना दिवा मंद करत नाहीत. ते दिवा भराभर चालू-बंद करतात आणि बंद ठेवायचा वेळ वाढवतात. डोळ्याला मंद वाटतं, पण खरं तर ती उघडझाप असते. शंभरवर दिवा सतत चालू, म्हणून पट्ट्या नाहीत.

मग ही उघडझाप सेकंदाला किती वेळा होते ते शोधायचं होतं. यंत्र नाही, पण मामांच्या स्वयंपाकघरात चोकची जुनी ट्यूब आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. ही आपली फूटपट्टी.

शटर १/२०००, आयएसओ चढवलेला, कॅमेरा ट्यूबच्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीवर. फ्रेममध्ये जाड आडव्या सावल्या आल्या. १०८० ओळींच्या फ्रेममध्ये एका काळोखाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ४९१ ओळी मोजल्या. मग तोच कॅमेरा, काहीही न बदलता, लॅपटॉपच्या पांढऱ्या पानावर धरला. फोकस मुद्दाम साफ घालवलेला, नाहीतर पडद्याच्या जाळीचीच नक्षी मध्ये येते. इथे पट्ट्यांमधलं अंतर २०५ ओळी भरलं. ४९१ भागिले २०५, गुणिले १००. उत्तर साधारण २४०. म्हणजे दिवा सेकंदाला २४० वेळा उघडमीट करतो.

आता वाटीचा हिशेब. १/५० सेकंदात २४० पैकी ४.८ उघडझापी बसतात. पण ०.८ उघडझाप असं काही नसतं : फ्रेममधल्या काही ओळींना पाच चमक मिळतात, काहींना चारच. पाचास चार हा फरक डोळ्यात भरणारच. शिवाय २४० ला २५ नं पूर्ण भाग जात नाही, म्हणून दर फ्रेमला पट्ट्यांची जागा बदलते आणि त्या नाचतात. १/६० वर मात्र बरोबर चार चमका बसतात. लावून बघितलं, पान स्वच्छ. खूश होऊन जेवायला बसले.

१३ जानेवारी

खुशी एक रात्र टिकली. प्रसंगात नातीच्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडं आहे आणि आत तीच ट्यूब चालू आहे. दिग्दर्शिकेला ती हवीच आहे, कारण आजी आत जागी असल्याची खूण तीच. १/६० वर लॅपटॉप स्वच्छ, पण दारातला उजेड लाटांसारखा वरखाली होतो. ट्यूबच्या १०० मध्ये १/६० ची वाटी पावणेदोन वेळाही धड बसत नाही. १/५० वर ट्यूब शांत (बरोबर दोन), तर लॅपटॉप नाचतो.

शाळेतला मसावि आठवला. २४० आणि १०० यांचा मसावि २०, म्हणजे दोघांनाही पूर्ण बसणारं सगळ्यात लहान शटर १/२०. पण २५ फ्रेमवर १/२५ च्या पुढे जाता येत नाही. गणितानं सरळ नाही म्हणून सांगितलं.

लाइटदादा म्हणाले, "ताई, लॅपटॉपच पन्नासवर चालवा ना. टीव्हीला करतात तसा." त्यांच्या समाधानासाठी, पडदा कुठल्या वेगांवर चालू शकतो ते दाखवणारी आज्ञा देऊन बघितलं :

```
xrandr
```

यादीत या पडद्याला ६० सोडून दुसरा आकडाच नव्हता. आणि असता तरी उपयोग कितपत, कारण त्यानं चित्र बदलण्याचा वेग बदलतो. मागच्या दिव्याची उघडझाप अनेक पडद्यांत वेगळीच चालते.

दुसरी वाट भाड्याच्या कॅमेऱ्याची. व्हिडिओ कॅमेऱ्यांत शटर बारीक बारीक पायऱ्यांनी फिरवायची सोय असते. कॅननमध्ये तिला क्लिअर स्कॅन म्हणतात, सोनीमध्ये ECS, पॅनासॉनिकमध्ये सिंक्रो स्कॅन. तिथे १/४८ लावता आलं असतं. २४० मध्ये ते नेमकं पाच वेळा बसतं आणि ट्यूबच्या १०० मध्ये दोनाला जरासं जास्त, म्हणजे ट्यूबची लाट असून नसल्यासारखी. माझ्या कॅमेऱ्यात १/४८ नाही आणि दोन दिवसांच्या भाड्याचे पैसे नाहीत.

शेवटी उपाय लॅपटॉपमध्येच सापडला. आपल्याला हवा आहे मंद पडदा. मंद दिवा कुणी मागितलाय? ब्राइटनेस शंभरवर ठेवायचा, म्हणजे उघडझाप नाही. आणि ईमेलचं पानच करडं करायचं. पांढऱ्याऐवजी मध्यम राखाडी पार्श्वभूमी, त्यावर गडद अक्षरं. कॅमेऱ्यात ते रात्रीचं मंद पान दिसतं, शटर १/५०, ट्यूब शांत, लॅपटॉप शांत. १/२००० वर पुन्हा तपासलं : शंभरवर एकही पट्टी नाही, नव्वदवर बारीक काळ्या रेषा हजर. तेव्हा लॅपटॉपला चार्जर लावलेलाच ठेवायचा आणि बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप उजेड कमी करायची सगळी बटणं बंद करायची. झाकणाला चिकटपट्टीवर लिहून लावलं : "ब्राइटनेसला हात लावू नये."

याचा तोटा : दिवा पूर्ण असल्यानं पडद्यावरचा काळा रंग काळा राहत नाही, राखेसारखा होतो. आमच्या पानावर काळं फारसं नाही म्हणून निभावलं. पडद्यावर अंधारी चित्रफीत असती तर हा उपाय चालला नसता.

१६ जानेवारी

मोआरेचा दिवस. नातीच्या खांद्यावरून लॅपटॉप, ५० मिमीची लेन्स, f/2.8, अंतर १२० सेंमी. फोकस पडद्यावर धारदार बसला आणि पानावर सांडलेल्या रॉकेलसारखे रंग पसरले. हिरवे-गुलाबी कमानदार पट्टे. कॅमेरा बोटभर हलला की पट्टे हातभर पळतात.

दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की जी मोठी नक्षी दिसते, तीच ही. एक जाळी पडद्याच्या बिंदूंची, दुसरी सेन्सरची. १५.६ इंची पडद्याची रुंदी ३४४ मिमी आणि त्यात १९२० बिंदू. या अंतरावरून पडदा माझ्या ३८४० बिंदूंच्या फ्रेममध्ये साधारण २४५० बिंदू रुंद येतो. म्हणजे पडद्याच्या एका बिंदूला माझे सव्वा बिंदू. दोन जाळ्यांची वीण इतकी जवळची असली की भांडण ठरलेलं. जवळ जाऊन पडद्यानं पूर्ण फ्रेम भरली तर प्रमाण दोनास एक होतं, आणि तेही वाईटच : सेन्सरवर लाल आणि निळ्या रंगाचे बिंदू एकाआड एकच असतात, म्हणून त्यांच्यासाठी वीण पुन्हा जुळते आणि रंगाचे पट्टे येतात.

पहिल्यांदा सगळे करतात ते केलं. मागे गेले, पुढे आले, कॅमेरा दहा अंश तिरका केला. तिरका केल्यावर पट्टे बारीक झाले खरे, पण दिग्दर्शिका म्हणाली, घर बुडत्या जहाजासारखं दिसतंय.

मग सरळ फोकसकडे वळले. जाळी अक्षरांपेक्षा कितीतरी बारीक आहे. चित्र नेमकं एवढंच मऊ करायचं की जाळी विरघळेल आणि अक्षर उरेल. हिशेब केला : बिंदूचा डाग जाळीच्या एका घरापेक्षा थोडा मोठा, सव्वापट झाला की जाळी पुसली जाते. या लेन्सला, या अंतरावर, f/2.8 ला त्यासाठी फोकस पडद्याच्या साधारण दीड सेंटीमीटर पुढे हवा. फक्त दीड सेंटीमीटर. f/5.6 ला तीन लागले असते. लेन्स जितकी मिटाल तितका फोकस लांब आणावा लागतो, आणि f/8 ला तर फोकसमधला फरक दिसायच्या आधी मोआरे दिसतो. म्हणून लेन्स उघडी ठेवायची.

प्रत्यक्षात हे असं केलं : पडद्यासमोर दीड सेंटीमीटरवर पेन्सिलीचं टोक धरलं, फोकस टोकावर घेतला, फोकस रिंगला चिकटपट्टी लावली, पेन्सिल काढली. रंग गेले. अक्षरांचे काठ किंचित मऊ झाले, पण वाचता येतात. तरी ईमेलची अक्षरं दीडपट मोठी करून घेतली. ऑटोफोकस बंद, हे वेगळं सांगायला नको. तो शहाण्यासारखा परत पडद्याची जाळीच धारदार करतो.

सावध राहायची एक जागा. कॅमेऱ्यावरच्या छोट्या मॉनिटरमध्ये अजून थोडे पट्टे दिसत होते आणि मी उगीच फोकस आणखी पुढे आणत बसले. ते पट्टे मॉनिटरचे होते. ४के चित्र लहान करून दाखवताना मॉनिटर स्वतःचीच जाळी त्यावर घालतो. मोठं करून एकास एक बघितलं की खरं कळतं : पट्टे गेले तर ते मॉनिटरचे, राहिले तर फुटेजमधले.

१८ जानेवारी

प्रतिबिंबं. याला गणित लागत नाही, लॅपटॉप बंद करावा लागतो. बंद पडदा म्हणजे काळा आरसा. कॅमेरा शॉटच्या जागी लावून पडद्यात बघितलं तर मी, माझा पांढरा कुर्ता, मागची खिडकी आणि लाइटदादांचा लाल टॉवेल, सगळे स्पष्ट. चालू पडद्यावर हेच सगळं फिकट होऊन बसतं आणि करड्या पानावर तर जास्तच.

झाकण किंचित मागे झुकवलं. काच जेवढी फिरते त्याच्या दुप्पट प्रतिबिंब फिरतं, म्हणून दोन-तीन अंशांत खिडकी खाली निघून गेली आणि तिथे छत आलं. छतावर उजेड नाही, काम झालं. फक्त झाकण हललं की पडद्याचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर बदलतं, म्हणून हे आधी आणि पेन्सिल नंतर. (मी उलटं केलं होतं. दोनदा करावं लागलं.)

लेन्सला पोलरायझर लावायचा सल्ला एकानं दिला होता. लावला, फिरवला, आणि एका कोनात लॅपटॉप पूर्ण काळा झाला. एलसीडीचा उजेड मुळातच एका दिशेत ध्रुवित असतो, फिल्टर आडवा आला की तोच अडतो. शिवाय काचेवरची चमक पोलरायझर नीट कापतो ती बरीच तिरपी असताना, लंबापासून पंचावन्न अंशांच्या आसपास. आम्ही पडद्याच्या जवळजवळ समोर होतो. पाकिटात परत.

टीव्हीची गोष्ट वेगळी. त्याची काच फुगीर आहे, म्हणजे गाडीच्या बाजूच्या आरशासारखी, अख्खी खोली त्यात मावते. झुकवून सगळं पळत नाही. मागच्या पायांखाली पातळ पुस्तक सारून टीव्ही पुढे कलवला, त्यानं छताचा बल्ब गेला. पण कॅमेरा राहिलाच. तेव्हा मामींनी ट्रंकेतून घोंगडी काढली. काळी, खरबरीत, उजेड गिळणारी. महागड्या काळ्या कापडाला जराशी चमक असते, घोंगडीला अजिबात नाही. दोन स्टँडवर दोरी बांधून ती कॅमेऱ्यापुढे टांगली आणि लेन्सपुरती मधली शिवण उसवली. मामी बघत होत्या. परत शिवून देणार आहे.

२१ जानेवारी

शूटिंग. सकाळी १९९६.

पहिल्या टेकलाच टीव्हीवर उजळ पट्टे उड्या मारायला लागले. आठ तारखेला ठरवलेली सेटिंग, १/५०, २५ फ्रेम, तीच जागा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, टीव्हीच गेला.

पाच तारखेची नोंद आठवली. उजळ पट्टा म्हणजे वाटी मोठी. माझं शटर १/५० च आहे, बदललेलं नाही, म्हणजे टीव्हीची फेरी लहान झाली असणार. टीव्ही ६० वर धावतोय. आणि पट्टा एका जागी न बसता उड्या मारतोय, म्हणजे २५ शी त्याचं जमत नाहीय. ६० कुठून आलं? प्लेअरच्या मेनूत गेले तर आउटपुट NTSC वर, म्हणजे अमेरिकेतल्या ६० च्या टीव्ही प्रणालीवर होतं. काल रात्री कुणीतरी दुसरी क्लिप चालते का ते बघताना बदललं होतं. हा टीव्ही दोन्ही प्रणाली घेणारा, म्हणून चित्र रंगीत, सरळ, डोळ्यांना निर्दोष. कॅमेरा नसता तर कळलंही नसतं. आपली ५० ची PAL प्रणाली केली, पट्टे गेले. वीस मिनिटं गेली, त्यातली पंधरा चहाची.

संध्याकाळी लॅपटॉप. चिकटपट्टीमुळे ब्राइटनेसला कुणी हात लावला नाही, पण तिसऱ्या टेकला नातीनं लॅपटॉप सहज थोडा जवळ ओढला. अभिनय म्हणून सुरेख. मला मात्र पडद्यात रॉकेल दिसलं. फोकस दीड सेंटीमीटर पुढे होता, आणि लॅपटॉप तिच्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, तेवढाच सरकून बरोबर फोकसात येऊन बसला. त्यानंतर लॅपटॉपखाली दोन रबरी पट्ट्या चिकटवल्या.

२४ जानेवारी

एडिट. एडिटरचा सकाळी फोन : "सगळ्या लॅपटॉप शॉट्सना मोआरे आहे." गेले. त्याच्या खिडकीत चित्र ३७ टक्क्यांवर होतं. शंभर करायला सांगितलं. एक टेक सोडून सगळे स्वच्छ.

तो एक म्हणजे तिसरा टेक, आणि दिग्दर्शिकेला अर्थातच तोच हवा. पडद्यापुरता मास्क घेऊन फक्त रंग धूसर केला, म्हणजे हिरवं-गुलाबी गेलं. उजेड-काळोखाचे पट्टे मात्र तसेच, कारण ते रंगात नाहीत, चित्रातच कोरले गेलेत. त्यांना पुसायला गेलं की अक्षरंही पुसली जातात. तासभर झटून सोडून दिलं. तिसऱ्या टेकमधला तिचा चेहरा घेतला आणि ईमेलचं पान पाचव्या टेकमधून. मध्ये आजीच्या दाराचा शॉट टाकल्यावर लॅपटॉप कुठे होता ते कुणाला आठवत नाही.

टीव्हीच्या पळणाऱ्या धाकट्याच्या शॉटमध्ये ती केसाएवढी रेघ आहे. दिग्दर्शिकेला दाखवली. तिनं तीनदा बघितलं आणि विचारलं, "कुठे?"

घोंगडी अजून माझ्याकडेच आहे. रविवारी शिवून सांगलीला पोचवायची.